क्रेडिट कार्डावर शिलाई मशीन घेतलं, ट्रॅकिंग म्हणतं 'डिलिव्हर्ड', घरी काहीच नाही. चार्जबॅक करून बँकेमार्फत पैसे परत कसे मिळवायचे?

शेवंती (२४ जून)

नमस्कार मंडळी. २ जूनला एका वेबसाइटवरून शिलाई मशीन मागवलं. २१,९०० रुपये, व्हिसाचं क्रेडिट कार्ड, बिल सहा महिन्यांच्या ईएमआयमध्ये फिरवलंय. साइटवर 'अपेक्षित डिलिव्हरी ९ जूनपर्यंत' असं होतं. ११ तारखेला कुरिअरच्या पानावर 'डिलिव्हर्ड' आलं. त्या दिवशी मी दिवसभर घरीच होते. कोणी आलं नाही, फोन नाही, मेसेज नाही. शेजारी, वॉचमन, खालचा किराणावाला, सगळ्यांना विचारून झालं.

दुकानदार म्हणतो, 'आमच्या सिस्टिममध्ये डिलिव्हर्ड आहे, आता कुरिअरशी बोला.' कुरिअरवाला म्हणतो, 'तक्रार पाठवणाऱ्याने करायला हवी.' बँकेच्या कस्टमर केअरला फोन केला तर त्या मुलीने विचारलं, 'मॅडम, हा व्यवहार तुम्ही केला होता का?' मी हो म्हटल्यावर ती म्हणाली, 'मग डिस्प्यूट होणार नाही.' हे खरं आहे का? कोणी यातून गेलं असेल तर सांगा. आम्ही नाशिकला असतो.

चिंगी (२४ जून)

रुमाल टाकून ठेवते. माझ्या अंदाजाने तिने खरं तेच सांगितलं. ओटीपी तू स्वतः टाकलास ना? मग बँक हात वर करणार. ओटीपी म्हणजे सही.

खमंग_थालीपीठ (२४ जून)

अजिबात नाही. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक वाचा. तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, आणि बँकेने दहा कामाच्या दिवसांत रक्कम खात्यात टाकायलाच हवी. ताई, परिपत्रकाची प्रिंट घेऊन शाखेत जा आणि मॅनेजरच्या टेबलावर ठेवा. आणि फॉर्मवर सरळ लिहा की हा व्यवहार मला मान्य नाही. बाकी ते बघून घेतील.

जुना_बँकवाला (२४ जून)

शेवंतीताई, फॉर्म भरला नसेल तर एवढं वाचेपर्यंत थांबा.

थालीपीठ, परिपत्रक खरं आहे, आकडेही बरोबर आहेत, पण ते अनधिकृत व्यवहारांसाठी आहे. म्हणजे कार्ड चोरीला गेलं, नंबर कोणीतरी वापरला, तुम्हाला न विचारता पैसे गेले, अशा वेळी. इथे ताईंनी स्वतः खरेदी केली आहे. त्यांनी 'हा व्यवहार माझा नाही' असं लिहिलं तर बँक तो फ्रॉड म्हणून नोंदवेल, कार्ड ब्लॉक करेल, मग ओटीपीची नोंद काढेल आणि 'व्यवहार तुमच्याच मोबाईलवरच्या ओटीपीने झाला' म्हणून दावा फेटाळेल. वर खोटं निवेदन दिल्याचा शिक्का बसेल तो वेगळा. त्याच व्यवहारावर पुन्हा दुसऱ्या कारणाने दाद मागायला गेलात की समोरचा आधी जुना कागद दाखवतो. मी अनेक वर्षं एका बँकेत कार्ड विभागात हेच काम केलं. चांगली प्रकरणं या एका चुकीच्या खुणेने गेलेली पाहिली आहेत.

चिंगी, ओटीपीने फक्त एवढंच सिद्ध होतं की कार्ड मालकाने वापरलं. माल पोचला की नाही हे ओटीपीला काय माहीत? व्हिसाच्या नियमांत 'माल किंवा सेवा मिळाली नाही' हे वेगळं कारण आहे, त्याचा क्रमांक १३.१. मास्टरकार्डात असेच दावे ४८५३ खाली जातात. या दोन्हींत ग्राहकाने व्यवहार स्वतः केला होता हे गृहीतच धरलेलं असतं. फोनवरच्या मुलीसमोर बहुतेक फ्रॉडचीच प्रश्नावली उघडी असते, म्हणून ती तसं बोलली. पुन्हा फोन करण्यात वेळ घालवू नका. बँकेच्या ॲपवर किंवा नेटबँकिंगवर त्या व्यवहारासमोर डिस्प्यूटचा पर्याय असेल, त्यात 'माल मिळाला नाही' निवडा. तसा पर्याय दिसत नसेल तर ईमेल करा आणि विषयातच हे शब्द घाला.

मुदतीची आत्ता घाई नाही. व्हिसात माल मिळण्याची जी शेवटची तारीख सांगितली होती तिच्यापासून १२० दिवस धरतात. तुमची तारीख ९ जून, म्हणजे साधारण ७ ऑक्टोबर. पण ही मुदत बँकेने दावा नेटवर्कवर चढवण्याची आहे, तुम्ही बँकेला सांगण्याची नाही. बऱ्याच बँकांच्या अटींत ग्राहकाला याहून कमी दिवस दिलेले असतात, तेव्हा या आठवड्यातच करा. साइटवर तारीख दिलेलीच नसेल तर बँकेला काही दिवस थांबावं लागतं, व्हिसात १५ आणि मास्टरकार्डात ३०. तुमच्या बाबतीत तारीख लिहिलेली आहे, हे बरंच झालं.

कोकण्या (२४ जून)

माझंही असंच झालं होतं काका. मोबाईल मागवला, खोक्यात भांडी घासायच्या साबणाच्या दोन वड्या. डेबिट कार्ड. बँकेत 'माल मिळाला नाही' असं लिहिलं आणि दावा फेटाळला गेला. म्हणून म्हणतो, चार्जबॅक वगैरे सब झूठ.

जुना_बँकवाला (२४ जून)

कोकण्या, तुला पार्सल मिळालं होतं. त्यात भलतंच निघालं, ही 'वर्णनाप्रमाणे नाही' या प्रकारातली तक्रार, व्हिसात १३.३. तिथे आलेली वस्तू परत केली किंवा परत करायचा प्रयत्न केला हे दाखवावं लागतं. तू 'मिळालं नाही' म्हणालास, दुकानदाराने तुझ्या सहीची पावती दाखवली, विषय संपला. साबण परत घ्या असा एक ईमेल आणि खोकं उघडतानाचा व्हिडिओ असता तर निकाल वेगळा लागू शकला असता. हल्लीचीच गोष्ट असेल तर पार्सल आलं त्या तारखेपासूनचे दिवस मोज.

कोकण्या (२४ जून)

दोन वर्षं झाली काका. साबण पण संपला.

शेवंती (२५ जून)

काका, खूप आभार. फॉर्म भरला नव्हता. माझ्याकडे आहे ते असं: ऑर्डरचा ईमेल, इनव्हॉइस, दुकानदाराबरोबरचं व्हॉट्सॲप, ट्रॅकिंगचा स्क्रीनशॉट. स्टेटमेंटवर दुकानाचं नाव नाही, कुठल्यातरी पेमेंट गेटवेचं आहे. तेवढ्याने अडेल का?

आणि दुकानाच्या अटींत बारीक अक्षरात लिहिलंय की 'डिलिव्हर्ड' दाखवल्यापासून ४८ तासांत कळवलं नाही तर आमची जबाबदारी नाही. मी तिसऱ्या दिवशी कळवलं.

जुना_बँकवाला (२५ जून)

गेटवेच्या नावाने अडत नाही. इनव्हॉइसवरची रक्कम आणि तारीख स्टेटमेंटच्या ओळीशी जुळली की पुरे, फक्त पत्रात एका वाक्यात ते जोडून द्या. ती ४८ तासांची अट दुकानदार तुमच्यासमोर नाचवेल, पण चार्जबॅकमध्ये प्रश्न एकच असतो: ठरलेल्या पत्त्यावर माल दिला याचा पुरावा आहे का? उशिरा कळवलं म्हणून माल पोचला असं होत नाही.

आता पुराव्याचं बोलू. तुम्हाला 'मिळालं नाही' हे सिद्ध करता येत नाही, कोणालाच येत नाही. दुकानदार 'दिलं' म्हणून जो कागद पुढे करणार आहे, त्यातली भोकं तुम्हाला आत्ताच शोधून ठेवायची आहेत. तो कागद म्हणजे कुरिअरचा पीओडी, डिलिव्हरीची पोच. म्हणून पहिलं काम: कुरिअरला एडब्ल्यूबी नंबर, म्हणजे पार्सलचा ट्रॅकिंग क्रमांक, टाकून लेखी ईमेल करा आणि चार गोष्टी मागा. पोच कोणाच्या नावाने आहे आणि सही कोणाची? डिलिव्हरीच्या वेळी ओटीपी घेतला होता का, घेतला असेल तर कुठल्या मोबाईलवर गेला? डिलिव्हरीच्या जागेची नोंद किंवा फोटो आहे का? आणि पार्सलचं वजन किती नोंदलं आहे?

ते वजन विसरू नका. खोटी साइट असेल तर ती ऑर्डर घेते आणि त्याच पिनकोडमधल्या दुसऱ्याच पत्त्यावर एखादं हलकं पाकीट पाठवते. ट्रॅकिंगवर तुमचं शहर दिसतं, 'डिलिव्हर्ड' दिसतं, वरवर सगळं बरोबर. पण शिलाई मशीन काही पाव किलोचं नसतं.

दुकानदारालाही आज एक ईमेल करा. व्हॉट्सॲप चालतं, पण ईमेलवर तारीख आणि वेळ कोणी नाकारत नाही. 'मशीन मिळालेलं नाही, पैसे परत करा, पोचपावतीची प्रत पाठवा' एवढंच लिहा. आधी दुकानदाराशी मिटवायचा प्रयत्न केला हे बँक विचारतेच.

तालुका_कोर्ट (२५ जून)

थोडी भर. ई-कॉमर्सचे २०२० चे ग्राहक संरक्षण नियम आहेत. त्यांत प्रत्येक साइटला तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावा लागतो. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची. ईमेलची प्रत त्या अधिकाऱ्यालाही लावा. असा अधिकारी साइटवर दिसतच नसेल तर त्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या, तोही कामाचा कागद आहे. १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली की तिचा क्रमांक मिळतो. दुकानदार खरा असेल तर तेवढ्यानेही कधीकधी हलतो.

साइटच बनावट वाटत असेल तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. पण त्याला मधे इतके दिवस गेले की पैसे अडवायची शक्यता कमी होते, हे आधीच सांगून ठेवतो.

लेस्टरकर (२५ जून)

आमच्या इथे यूकेत सेक्शन ७५ म्हणून आहे, १९७४ च्या कायद्यातलं. वस्तूची किंमत १०० पौंडांच्या वर आणि ३०,००० पौंडांपर्यंत असेल तर क्रेडिट कार्ड कंपनी दुकानदाराइतकीच जबाबदार. चार्जबॅकच्या भानगडीत पडायचीच गरज नाही. भारतात पण ते लागू असेल ना?

तालुका_कोर्ट (२५ जून)

नाही हो. तो तुमच्याकडचा कायदा. इथे चार्जबॅक मुख्यतः व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे यांच्या आपापल्या नियमांवर चालतो. ते नियम बँकांमधले, ग्राहकाचा त्यात थेट हक्क नाही. म्हणून तर बँकेला दावा चढवायला लावणं हीच अर्धी लढाई असते.

शेवंती (२८ जून)

कुरिअरचं उत्तर आलं! पोच 'आर. पाटील' नावावर. आमच्या इमारतीत पाटील कोणीच नाहीत, आमचं आडनावही वेगळं. ओटीपी घेतलेला नाही. फोटो नाही. वजन ०.४ किलो. साइटवर मशीनचं वजन ६.५ किलो लिहिलंय, त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवला.

बँकेला पाठवायचा मजकूर लिहिलाय. इंग्रजीत पाठवणार आहे, इथे मराठीत देते:

'मी तुमची दहा वर्षांची ग्राहक आहे. माझी घोर फसवणूक झाली आहे. या दुकानाने अनेकांना लुटलं आहे, नेटवर वाचा. कुरिअर कंपनीही यात सामील आहे असा माझा दाट संशय आहे. खोकं रिकामं पाठवलं असावं. मला खूप मनस्ताप झाला आहे. कृपया माझे पैसे तातडीने परत करावेत, अन्यथा मी कायदेशीर कारवाई करीन.'

जुना_बँकवाला (२८ जून)

ताई, मनस्ताप समजतो, पण हे पत्र वाचणारा माणूस दिवसाला अशी ढीगभर प्रकरणं बघतो. त्याला दावा चढवायला लागतं तेवढंच द्या. 'खोकं रिकामं पाठवलं असावं' हे वाक्य तर काढाच. खोकं तुम्ही पाहिलंच नाही. दुकानदाराने ते वाक्य उचललं तर म्हणेल, 'पाहा, पार्सल मिळालं हे त्या स्वतःच कबूल करतात.' तुमची बाजू एका ओळीची ठेवा: माझ्या पत्त्यावर काहीच आलं नाही.

मी असं लिहीन:

'माझ्या कार्डावर २ जून रोजी २१,९०० रुपयांचा व्यवहार झाला. तो मी केला आहे. मागवलेलं शिलाई मशीन मला मिळालेलं नाही, म्हणून "माल मिळाला नाही" या कारणाखाली दावा करत आहे. विक्रेत्याने ९ जूनपर्यंत माल देण्याचं कबूल केलं होतं. ११ जूनला कुरिअरने "डिलिव्हर्ड" नोंदवलं. पोच आर. पाटील या नावावर आहे. या नावाची व्यक्ती माझ्या घरी किंवा इमारतीत नाही. ओटीपी घेतलेला नाही. पार्सलचं वजन ०.४ किलो आहे, मशीनचं ६.५ किलो. मी १४ आणि २५ जूनला विक्रेत्याला लेखी कळवलं. त्याने पैसे परत करण्यास नकार दिला आहे. सोबत सहा कागद जोडले आहेत.'

कागदांना १ ते ६ क्रमांक द्या, सगळे एकाच पीडीएफमध्ये, ज्या क्रमाने पत्रात आले त्याच क्रमाने. दुकानदाराच्या नकाराचा व्हॉट्सॲप मजकूर असा कापा की वरचा नंबर आणि तारीख दोन्ही दिसतील. सुटे वीस स्क्रीनशॉट पाठवले तर कोणी उघडत नाही.

चिंगी (२८ जून)

काका, 'तो मी केला आहे' हे इतकं ठळक लिहायचं? भीती वाटते हो.

जुना_बँकवाला (२८ जून)

ते लिहिलं नाही तरच प्रकरण फ्रॉडच्या टेबलावर जाईल.

यूपीआय_पंत (३० जून)

मी तीन हजारांचे बूट यूपीआयने घेतले, आले नाहीत. हेच पत्र चालेल ना? फक्त रक्कम बदलतो.

तालुका_कोर्ट (३० जून)

पंत, बँक खात्यातून यूपीआय केलं असेल तर कार्डाचे हे नियम लागू नाहीत. ॲपमध्ये त्या व्यवहाराखाली तक्रार नोंदवा, पण 'पैसे गेले, दुकानदाराला मिळाले नाहीत' आणि 'पैसे मिळाले, बूट आले नाहीत' यांत फरक आहे. पहिल्यात यंत्रणा बरीचशी आपोआप पैसे परत करते. दुसऱ्यासाठी १९१५ आणि मग ग्राहक आयोग, हा रस्ता जास्त खात्रीचा. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून पैसे दिले असतील तर कार्ड देणाऱ्या बँकेला विचारा, तिथे प्रकार वेगळा.

शेवंती (९ जुलै)

अपडेट. बँकेने दावा घेतला, क्रमांक दिला, आणि २१,९०० रुपये 'तात्पुरते जमा' म्हणून दाखवलेत. तीन प्रश्न आहेत. हे पैसे माझे झाले का? ईएमआय तरी चालूच आहे, या महिन्याचा हप्ता भरायचा का? आणि काल दुकानदाराचा फोन आला, चक्क गोड बोलत होता. म्हणाला, 'मॅडम, चार्जबॅक मागे घ्या, आमचं खातं अडकलंय. तुम्ही मागे घेतल्याचं पत्र बँकेने दिलं की दोन दिवसांत रिफंड करतो.'

जुना_बँकवाला (९ जुलै)

मागे घेऊ नका. एकदा मागे घेतलेला दावा त्याच कारणाने पुन्हा चढवणं जवळपास अशक्य असतं. रिफंड न देता मागे घ्यायला लावणं ही जुनी युक्ती आहे. त्याला ईमेलवर लिहा: 'आधी कार्डावर रिफंड करा आणि त्याचा एआरएन क्रमांक पाठवा. तो बँकेने पडताळला की दावा मी स्वतः बंद करायला सांगेन.' हा एआरएन म्हणजे कार्डावरच्या रिफंडचा ओळख क्रमांक, २३ आकडी असतो. तो न देता नुसता रिफंडच्या पडद्याचा फोटो पाठवला तर मानू नका.

तात्पुरतं म्हणजे तात्पुरतंच. दुकानदाराच्या बँकेने पुरावे दिले आणि आपल्या बँकेला ते पटले तर ही नोंद उलटी होते, म्हणून ते पैसे खर्चू नका. हप्ता भरा. ईएमआय ही बँकेच्या लेखी वेगळी कर्जनोंद असते, दावा चालू आहे म्हणून ती आपोआप थांबत नाही. पूर्ण देय रक्कम तारखेला गेली नाही तर बिनव्याजी मुदत सगळ्याच खर्चावरची जाते. 'वादातली रक्कम भरली नाही' असं म्हणून लोक व्याज आणि लेट फी ओढवून घेतात, मग निकाल बाजूने लागूनही ते पैसे परत मिळवण्यात महिने जातात.

यापुढे होईल ते असं. तुमच्या बँकेने दावा दुकानदाराच्या बँकेकडे पाठवलाय. व्हिसात त्यांना उत्तराला ३० दिवस असतात, मास्टरकार्डात ४५. उत्तर आलं नाही तर दावा तुमच्या बाजूने उभा राहतो. आलं तर बँक तुम्हाला तो कागद पाठवून मत विचारेल आणि मुदत फार थोडी देईल, म्हणून ईमेलचा स्पॅम बघत राहा. तिथे गप्प बसलात तर बँक समजते की तुम्हाला मान्य आहे.

खमंग_थालीपीठ (९ जुलै)

बँकेने आता टाळाटाळ केली तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहेच. तिथे तरी माझं बरोबर आहे ना?

तालुका_कोर्ट (९ जुलै)

आहे, पण आधी बँकेकडे लेखी तक्रार हवी आणि तिला ३० दिवस द्यायला हवेत. आधीच नकार दिला किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही तर मग रिझर्व्ह बँकेच्या cms.rbi.org.in वर जाता येतं, शुल्क नाही. तिथे दुकानदाराने फसवलं हे सांगून उपयोग नाही. बँकेने दावा चढवलाच नाही, मुदत घालवली, उत्तर दिलं नाही, अशी बँकेची चूक दाखवावी लागते.

शेवंती (६ ऑगस्ट)

दुकानदाराचं उत्तर आलं. बँकेने पाच दिवस दिलेत. त्याने जोडलंय: इनव्हॉइस, ट्रॅकिंगचं पान, तीच आर. पाटीलची पोच, आणि अटींतलं ४८ तासांचं कलम. वर टीप, 'पिनकोड जुळतो, ग्राहक खोटं बोलत आहे.'

जुना_बँकवाला (६ ऑगस्ट)

त्याच्याकडे याहून जास्त काही नाही, हे कळलं. नवीन पत्र लांबवू नका. त्याच्या प्रत्येक कागदाला एक वाक्य. पिनकोड जुळतो, पण एका पिनकोडात हजारो घरं असतात आणि पोचेवर माझा पत्ता नाही. नाव माझ्या घरातल्या कोणाचं नाही. वजनाबद्दल दुकानदार गप्प आहे. अटींतलं कलम डिलिव्हरीचा पुरावा होत नाही. शक्य असेल तर सोसायटीच्या चिटणीसांकडून लेटरहेडवर दोन ओळी घ्या, की इमारतीत या नावाचं कोणी राहत नाही आणि ११ जूनच्या गेटवरच्या वहीत या कुरिअरची नोंद नाही.

मोगरा७ (७ ऑगस्ट)

माझा अनुभव उलटा आहे, म्हणून लिहिते. मी पुण्यात, पंधरा हजारांचं मनगटी घड्याळ. 'ऑर्डर कन्फर्म करायची आहे' म्हणून फोन आला आणि मी आलेला ओटीपी सांगून टाकला. तो डिलिव्हरीचा ओटीपी होता. दुकानदाराने तोच दाखवला आणि बँकेने माझी तात्पुरती जमा काढून घेतली. फोन कुठून आला होता हे दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं.

जुना_बँकवाला (७ ऑगस्ट)

मोगराताई, तिथे दुकानदाराची बाजू खरंच जड होते. वॉचमनने किंवा शेजाऱ्याने पार्सल घेतलं तरी तसंच, कारण माल ठरलेल्या पत्त्यावर पोचला असंच धरलं जातं. त्या फोनचा नंबर कॉल लॉगमध्ये असेल तर १९३० वर तक्रार देता येईल. चार्जबॅक मात्र संपला असं समजा.

चिंगी (७ ऑगस्ट)

काका, समजा बँकेला शेवंतीचं उत्तर पटलं. मग पैसे पक्के?

जुना_बँकवाला (७ ऑगस्ट)

नाही. मग बँक प्री-आर्बिट्रेशन करते, म्हणजे दुकानदाराच्या बँकेला सांगते की तुमचा पुरावा अपुरा आहे, माना. त्यांना पुन्हा ३० दिवस. नाही मानलं तर शेवटी व्हिसाच निर्णय देतं आणि हरणाऱ्या बँकेला शेकडो डॉलर शुल्क पडतं. इथेच खरी मेख आहे. २१,९०० रुपयांसाठी तो धोका घ्यायचा की नाही हे बँक ठरवते. काही बँका इथे थांबतात आणि ग्राहकाला 'दावा बंद' एवढंच कळवतात. तसं झालं तर कुठल्या टप्प्यावर, कोणत्या कारणाने थांबलात हे लेखी मागा. लोकपालाकडे न्यायला तोच कागद लागतो. लोकपाल बँकेला पुढे जायला लावतील का? मी दोन्ही प्रकार पाहिलेत.

तालुका_कोर्ट (८ ऑगस्ट)

माझं मत थोडं वेगळं. बँकेच्या व्यावसायिक निर्णयात लोकपाल सहसा पडत नाहीत. ताईंचे कागद इतके स्वच्छ आहेत की मी सरळ जिल्हा ग्राहक आयोगात दुकानदार आणि गेटवे दोघांना पक्षकार केलं असतं.

जुना_बँकवाला (८ ऑगस्ट)

गेटवेला पक्षकार करून काय मिळतं ते मला अजून कोणी दाखवलेलं नाही. पण तो तुमचा प्रांत.

शेवंती (१२ सप्टेंबर)

सोसायटीचं पत्र मिळालं होतं, तेही लावलं होतं. बँकेने प्री-आर्बिट्रेशन केलं. दुकानदाराच्या बँकेकडून मुदतीत उत्तर आलं नाही, आणि आज बँकेचा ईमेल आला की जमा कायम झाली.

पण ईएमआयचं घोडं अडलंय. बँक म्हणते, 'ईएमआय बंद करायची विनंती वेगळी द्या.' तीन हप्ते गेलेत, त्यांतलं व्याज आणि त्यावरचा जीएसटी, शिवाय सुरुवातीला कापलेली प्रोसेसिंग फी, यातलं काही परत मिळतं का?

जुना_बँकवाला (१२ सप्टेंबर)

विनंती आजच द्या आणि त्यात लिहा की मुदतपूर्व बंद करण्याचं शुल्क लावू नये, कारण मूळ व्यवहारच चार्जबॅकने उलटला आहे. हे शुल्क बहुतेक बँका माफ करतात. प्रोसेसिंग फी बहुतेक जाणारच. गेलेल्या व्याजाबद्दल प्रत्येक बँकेची अट वेगळी, ईएमआय घेताना आलेला अटींचा ईमेल काढून बघा. बंद झाल्याचा कागद येईपर्यंत हप्ता चुकवू नका.

कोकण्या (१२ सप्टेंबर)

ताई, अभिनंदन. आर. पाटीलला काय मिळालं त्या पाकिटात, ते कळलं का?

शेवंती (१३ सप्टेंबर)

नाही हो. कुरिअरवाले म्हणतात, ती माहिती फक्त पाठवणाऱ्याला देता येते.